पी-व्हॅल्यू ०.०४ आली म्हणजे हायपोथिसिस ९६ टक्के खरी? हे वाक्य तपासायचं कसं, स्टेप बाय स्टेप

मार्च-एप्रिल आला की माझ्याकडे फोंड्याला प्रोजेक्टवाली मुलं येतात, कोणी बीएस्सीची, कोणी बीएडची, आणि रिझल्टच्या चॅप्टरमध्ये एक वाक्य जवळपास ठरलेलं असतं: "पी-व्हॅल्यू ०.०४ आली, म्हणजे नल हायपोथिसिस खरी असण्याची शक्यता फक्त ४ टक्के, म्हणून आमची हायपोथिसिस ९६ टक्के खरी आहे." हे वाक्य चुकीचं आहे. पण नुसतं "चुकीचं आहे, काढ" म्हटलं की मूल ते काढतं आणि दोन पानांनी तेच वेगळ्या शब्दांत परत लिहितं, कारण का चुकलं ते त्याला दिसलेलंच नसतं. म्हणून इथे आकडे हातात घेऊन तपासायची पद्धत देतो. तुमचं स्वतःचं वाक्य असो, नाहीतर धाकट्या भावाचं किंवा पहिल्यांदाच गाईड झाला असाल तर तुमच्या विद्यार्थ्याचं, याच क्रमाने जा.

आधी काय काय जवळ ठेवायचं

- वाक्य जसंच्या तसं, कागदावर लिहिलेलं. "मला तसं म्हणायचं नव्हतं" हे नंतर, आधी लिहिलंय काय ते बघू
- मूळ मोजणी. फक्त पी-व्हॅल्यूचा आकडा पुरत नाही, त्याच्या मागे किती पैकी किती ते हवं
- टेस्टचं नाव, नल हायपोथिसिस नेमकी काय होती, आणि टेस्ट एका बाजूची की दोन बाजूंची
- एक्सेल किंवा कुठलंही तसलं शीट, मोबाईलवरचं पण चालेल

आता एकच उदाहरण धरून शेवटपर्यंत जाऊ. समजा डिचोलीकडची एक मुलगी आहे, घरची काजूची बाग आहे, आणि तिला बघायचंय की काजूच्या बिया पेरायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवल्या तर लवकर उगवतात का. तिने एकाच झाडाच्या, साधारण सारख्या वजनाच्या बियांच्या २० जोड्या केल्या, प्रत्येक जोडीत कुठली बी भिजवायची ते नाणं उडवून ठरवलं, दोन्ही एकाच मातीच्या पिशव्यांत शेजारी शेजारी लावल्या, आणि रोज सकाळी बघून कुठली आधी वर आली ते वहीत लिहिलं. २० पैकी १५ जोड्यांत भिजवलेली बी आधी उगवली. नल हायपोथिसिस: भिजवल्याने काही फरक पडत नाही, म्हणजे कुठलीही बी आधी येण्याची शक्यता अर्धी-अर्धी. टेस्ट दोन बाजूंची. पी-व्हॅल्यू आली ०.०४१. आणि मग वरचं वाक्य.

१. वाक्यात "जर" कुठे आहे ते शोधा

पी-व्हॅल्यूची व्याख्या एका "जर"वर उभी आहे: जर नल खरी असेल (आणि मॉडेलची बाकी गृहीतकंही बरोबर असतील), तर आपल्याला मिळाला तेवढा किंवा त्याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता किती. म्हणजे नल खरी आहे हे आधीच धरून मग मोजलेला आकडा. विद्यार्थ्याच्या वाक्यात बघा, "जर" गायब आहे, आणि शक्यता निकालाची राहिली नाही, हायपोथिसिसची झाली. दिशा उलटली.

दिशा उलटल्याने किती फरक पडतो ते पावसाळ्यात आपल्याकडे रोज दिसतं. पाऊस पडत असेल तर आभाळ ढगाळ असण्याची शक्यता जवळपास शंभर टक्के. पण आभाळ ढगाळ असेल तर आत्ता पाऊस पडत असण्याची शक्यता शंभर टक्के नाही, जुलैत पण दिवसचे दिवस नुसतं भरून राहिलेलं असतं. दोन्ही वाक्यांत पाऊस आणि ढग हेच दोन, आकडे मात्र वेगळे, आणि पहिला माहीत असला म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही.

इथे एक सोपी खूण: विद्यार्थ्याला सांगा की "नल खरी धरली तर" हे शब्द वाक्याच्या सुरुवातीला घालून वाक्य परत मोठ्याने वाच. "नल खरी धरली तर, नल खरी असण्याची शक्यता ४ टक्के." ऐकताक्षणीच कळतं की याला काही अर्थ नाही. जी गोष्ट खरी धरली तिचीच शक्यता ४ टक्के कशी असेल?

२. पी-व्हॅल्यू स्वतः हाताने बांधा

सॉफ्टवेअरने दिलेला आकडा घेऊन वाद घालू नका, शीट उघडून तो परत काढा, कारण काढताना काय काय धरलं ते डोळ्यांसमोर येतं. २० जोड्या, अर्धी-अर्धी शक्यता, १५ किंवा जास्त:

```
=1-BINOM.DIST(14,20,0.5,TRUE)
```

उत्तर ०.०२०७. टेस्ट दोन बाजूंची आहे, म्हणजे ५ किंवा कमी आलं असतं तरी तेवढंच टोकाचं मानलं असतं, म्हणून दुप्पट:

```
=2*(1-BINOM.DIST(14,20,0.5,TRUE))
```

उत्तर ०.०४१४. आर वापरत असाल तर `binom.test(15, 20)` पण हेच देतं.

आता विद्यार्थ्याला फॉर्म्युल्यात बोट ठेवायला सांगा: इथे तीन गोष्टी गेल्या, १४, २० आणि ०.५. भिजवल्याने काजू लवकर उगवतो असं आधीपासून किती जणांचा अनुभव आहे, ते कुठे गेलं? कुठेच नाही. फरक पडत असेल तर तो किती पडेल, ते? तेही नाही. हायपोथिसिस खरी असण्याची शक्यता सांगायची तर या दोन्ही गोष्टी लागतातच, आणि या आकड्यात त्यातलं काहीच शिरलेलं नाही.

अजून एक गोष्ट इथेच दाखवून द्या. "१५ किंवा जास्त" मोजताना १६, १७, १८, १९, २० पण धरले, जे तिच्या वहीत आलेलेच नाहीत. पी-व्हॅल्यू ही न आलेल्या निकालांचीही बेरीज असते. पुढे स्टेप ४ मध्ये हे लागणार आहे.

३. तोच आकडा, दुसरी गोष्ट

ही स्टेप मला सगळ्यात आवडते, कारण गणित अजिबात न येणाऱ्यालाही पटते.

आता धरा की त्याच मुलीच्या चुलतभावाने पण २० जोड्या लावल्या, पण बी भिजवली नाही. नाणं उडवून जोडीतल्या एका पिशवीला निळा दोरा बांधला आणि दुसरीला लाल, आणि त्याची हायपोथिसिस अशी की निळ्या दोऱ्याची बी आधी उगवते. आणि योगायोगाने त्यालाही २० पैकी १५ आले. पी-व्हॅल्यू किती? ०.०४१, शेवटच्या दशांशापर्यंत तीच, कारण फॉर्म्युल्यात गेलेले आकडे तेच.

आता विद्यार्थ्याचं वाक्य या दुसऱ्या प्रयोगाला लावा: "निळा दोरा बांधल्याने काजू लवकर उगवतो, ही हायपोथिसिस ९६ टक्के खरी." कोणी मानेल का? बागेत काम करणारा माणूस ऐकून घेईल आणि म्हणेल, परत एकदा लावून बघ. आणि बरोबरच म्हणेल. भिजवण्याला कारण आहे, बियांचं टरफल जाड असतं, आत पाणी शिरल्याशिवाय बी हलत नाही. दोऱ्याला तसं काही कारण नाही.

म्हणजे पी-व्हॅल्यू एकच, पण हायपोथिसिस खरी असण्याची शक्यता दोन ठिकाणी अगदी वेगळी. मग तो एकच आकडा दोन्ही ठिकाणी "खरी असण्याची शक्यता" कसा असेल? विद्यार्थी इथे म्हणतो की "पण माझी हायपोथिसिस दोऱ्यासारखी नाही ना, माझी शास्त्रीय आहे." बरोबर आहे, पण ते शास्त्र पी-व्हॅल्यूच्या बाहेरचं आहे, आणि तो स्वतःच ते बाहेरून आणतोय हे त्याच्या लक्षात आणून द्या.

४. दहा हजार प्रयोगांची मोजणी करा

आता खरा आकडा काढून बघू. इथे घाई करू नका, वही काढा.

समजा असे १०,००० प्रयोग झाले, प्रत्येकात २० जोड्या. त्यातल्या निम्म्यांत, म्हणजे ५,००० मध्ये, खरंच काही फरक नाही. उरलेल्या ५,००० मध्ये फरक आहे, पण किती ते माहीत नाही, म्हणून भिजवलेली बी आधी येण्याची शक्यता ० ते १ मध्ये कुठलीही असू शकते असं समजून त्या सगळ्या शक्यता सारख्या धरू. हे ५०-५० आणि हे "सगळ्या सारख्या" दोन्ही आपण धरलेलं आहे, ते वहीत वरच ठळक लिहा.

फरक नसलेल्यांत बरोब्बर १५ येण्याची शक्यता:

```
=BINOM.DIST(15,20,0.5,FALSE)
```

०.०१४८ येतं, म्हणजे ५,००० पैकी साधारण ७४ प्रयोग. फरक असलेल्यांत, सगळ्या शक्यता सारख्या धरल्या की ० ते २० हे २१ निकाल पण सारखेच संभवतात, म्हणून १५ येण्याची शक्यता एकविसावा भाग, ५,००० पैकी साधारण २३८.

आता आपल्या मुलीच्या जागी उभे राहा. तिला १५ दिसले. असे १५ दिसलेले एकूण प्रयोग ७४ + २३८ = ३१२, आणि त्यातले ७४ फरक नसलेले. ७४ भागिले ३१२ म्हणजे साधारण २४ टक्के. नल खरी असण्याची शक्यता इथे २४ टक्के आली. वाक्यात ती ४ लिहिली होती.

नुसतं सुरुवातीचं ५०-५० बदलून बघा, बाकी सगळं तसंच:

- दोऱ्यासारखी हायपोथिसिस, १०,००० पैकी ९,००० मध्ये काही फरक नाही: १३३ विरुद्ध ४८, नल खरी असण्याची शक्यता साधारण ७४ टक्के
- भिजवण्यासारखी, आधीपासून बऱ्यापैकी पटलेली, १०,००० पैकी फक्त १,००० मध्ये फरक नाही: १५ विरुद्ध ४२९, म्हणजे साधारण ३ टक्के

डेटा तोच, पी-व्हॅल्यू तीच, आणि उत्तर ३ पासून ७४ पर्यंत. शेवटच्या ओळीत ३ आलं आणि पी-व्हॅल्यूच्या टक्क्यांशी जवळपास जुळलं, यावर कोणी बोट ठेवेल, म्हणून आधीच सांगतो: ते जुळणं आपण १,००० आणि ९,००० धरलं म्हणून, आकडा बदलला की जुळणं संपतं.

ज्यांना हाताचा हिशोब पटत नाही त्यांनी आरमध्ये प्रयोगच करून बघावा:

```
n <- 200000
null_khari <- runif(n) < 0.5
theta <- ifelse(null_khari, 0.5, runif(n))
nikal <- rbinom(n, 20, theta)
mean(null_khari[nikal == 15])
```

उत्तर ०.२४ च्या आसपास येईल, दर वेळी थोडं इकडे तिकडे. फक्त दुसऱ्या ओळीतल्या ०.५ च्या जागी ०.९ घालून परत चालवा.

इथे चांगला विद्यार्थी एक आक्षेप घेतो आणि तो रास्त आहे: "सगळ्या शक्यता सारख्या धरल्यात ना, त्यात भिजवल्याने नुकसान होतं हे पण धरलंय, म्हणून माझा आकडा वाढला." ठीक, मग त्याला हवं तेवढं झुकतं माप देऊ. धरू की फरक असलेल्या प्रत्येक प्रयोगात भिजवलेली बी आधी येण्याची शक्यता नेमकी ७५ टक्के आहे, म्हणजे डेटात दिसली तेवढीच. याहून त्याच्या बाजूचं काही धरताच येत नाही.

```
=BINOM.DIST(15,20,0.75,FALSE)
```

०.२०२. ५,००० पैकी साधारण १,०१२ प्रयोग, समोर तेच ७४. ७४ भागिले १,०८६ म्हणजे साधारण ७ टक्के. डेटा बघून मग हायपोथिसिस बेतली तरीसुद्धा, ५०-५० पासून सुरुवात केली तर ४ टक्के येतच नाही. याचं एक कारण स्टेप २ मध्ये सांगितलंय: आपण इथे बरोब्बर १५ मोजले, जे खरंच दिसलं ते, आणि पी-व्हॅल्यूने न आलेले निकालही धरले होते.

५. वेषांतर केलेली वाक्यं पकडा

मूळ वाक्य काढलं की हीच चूक दुसऱ्या नावाने येते. ही तीन मला सगळ्यात जास्त दिसतात:

"हा निकाल योगायोगाने आलेला असण्याची शक्यता ४ टक्के." हे ऐकायला सौम्य वाटतं आणि सर-मॅडमकडूनही पुष्कळदा सुटतं. पण "योगायोगाने आला" म्हणजेच "नल खरी आहे", तेव्हा हे तेच वाक्य. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये पी-व्हॅल्यूवर निवेदन काढलं, त्यात सहा तत्त्वं आहेत, आणि दुसऱ्या तत्त्वात ही दोन्ही वाचनं एकत्रच नाकारली आहेत: पी-व्हॅल्यू हायपोथिसिस खरी असण्याची शक्यता मोजत नाही, आणि डेटा निव्वळ योगायोगाने तयार झाल्याची शक्यताही मोजत नाही. व्हायवात कोणी अडवलं तर हे सांगता येतं.

"परत प्रयोग केला तर ९६ टक्के वेळा हाच निकाल येईल." हेही नाही. भिजवलेली बी आधी येण्याची खरी शक्यता ७५ टक्के असली तरी २० जोड्यांत १५ किंवा जास्त येण्याची शक्यता साधारण ६२ टक्केच आहे, `=1-BINOM.DIST(14,20,0.75,TRUE)` घालून बघा. म्हणजे परिणाम खरा असूनसुद्धा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वेळा दुसऱ्या प्रयोगात आकडा १५ पर्यंत पोचणार नाही.

"पी ०.०५ पेक्षा मोठी, म्हणजे नल खरी." ही उलट्या बाजूची चूक. १४ आले असते तर पी-व्हॅल्यू ०.११५ आली असती. एका बीने फरक पडला म्हणून भिजवणं एकदम निरुपयोगी ठरत नाही. ०.०५ ही रेघ संख्याशास्त्रज्ञ फिशरच्या १९२५ च्या पुस्तकातून रूढ झाली ती सोयीची म्हणून, तिच्या अलीकडे खोटं आणि पलीकडे खरं असं काही नाही.

६. "पण बेझने काढलं तरी तेच येतं" असं कोणी म्हणालं तर

बेझची पद्धत म्हणजे स्टेप ४ मध्ये केली तशी, सुरुवातीची शक्यता धरून केलेली मोजणी. हे म्हणणं अर्धवट खरं आहे म्हणून जपून. प्रश्न बदलला, म्हणजे "फरक शून्य आहे का" असं न विचारता "फरक कुठल्या दिशेला आहे" असं विचारलं, आणि सगळ्या शक्यता सारख्या धरल्या, तर भिजवण्याने उलट उशीरच होतो याची शक्यता आपल्या डेटावरून ०.०१३ येते, आणि एका बाजूची पी-व्हॅल्यू आहे ०.०२१. बऱ्यापैकी जवळ आहेत. एका बाजूच्या टेस्टमध्ये असं होतं.

पण बघा काय झालं: "काहीच फरक नाही" ही शक्यता आपण हिशोबातूनच काढून टाकली, आणि निळ्या दोऱ्याच्या बाबतीत नेमकी तीच सगळ्यात मोठी शक्यता होती. तेव्हा कोणी हे जुळणं दाखवलं तर दोनच प्रश्न विचारा, प्रश्न दिशेचा होता का, आणि आधी सगळ्या शक्यता सारख्या धरणं त्या विषयात पटण्यासारखं आहे का. दोन्हीला हो असेल तर तसं लिहू द्या, पण त्याला पी-व्हॅल्यू म्हणू नका आणि काय धरलं ते सोबत लिहायला लावा. नल "फरक शून्य" अशी असेल आणि टेस्ट दोन बाजूंची, तर हा आधार लागू होत नाही.

७. वाक्य परत लिहा

चुकीचं वाक्य खोडून जागा रिकामी ठेवली की तिथे परत तेच उगवतं, त्यामुळे जागेवर नवीन वाक्य बसवा. आपल्या मुलीसाठी मी असं लिहीन:

"२० पैकी १५ जोड्यांत भिजवलेली बी आधी उगवली. भिजवल्याने काहीच फरक पडत नसता, तर दोन्हीपैकी कुठल्याही दिशेला इतका किंवा याहून जास्त कल दिसण्याची शक्यता सुमारे ४ टक्के असती (दोन बाजूंची साइन टेस्ट, पी = ०.०४१). भिजवलेली बी आधी उगवण्याचं प्रमाण ७५ टक्के, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल सुमारे ५१ ते ९१ टक्के."

यात "जर" परत आला ("पडत नसता, तर"), शक्यता निकालाची राहिली, आणि इंटरव्हलमुळे वाचणाऱ्याला कळतं की परिणाम अगदी किरकोळ पण असू शकतो आणि खूप मोठा पण. हा इंटरव्हल `binom.test(15, 20)` च्या आउटपुटमध्येच असतो, वेगळं काही करावं लागत नाही, तरी मुलं तो सोडून फक्त पी-व्हॅल्यू उतरवतात.

गाईडने "मला हायपोथिसिस खरी असण्याची शक्यताच हवी" असा हट्ट धरला, तर स्टेप ४ ची मोजणी द्या, पण एक आकडा देऊ नका. तीन सुरुवाती आणि तीन उत्तरं असं छोटं टेबल द्या (९० टक्के नलला ७४, ५० टक्क्यांना २४, १० टक्क्यांना ३), खाली फरकाच्या बाजूला काय धरलं ते एका ओळीत लिहा, आणि यातली कुठली सुरुवात का निवडली याचं कारण काजूच्या बियांबद्दल आधी जे माहीत आहे त्यातून द्या, डेटातून नाही, कारण डेटा मोजणीत एकदा वापरून झालेला आहे.